मत एकच, मग फरक कुठे? : शेतकरी उत्पादक कंपनीची गोष्ट

सहकारी संस्था आणि उत्पादक कंपनी यांतला फरक विचारला, की बहुतेक जण सांगतात, "कंपनीत शेअरवर मत, सहकारात माणशी एक मत." मीही सुरुवातीला हेच धरून चाललो होतो. पण कायदा वाचा, तसं नाहीये.

सहकारी संस्थांवर निबंधकाचं, पर्यायाने राज्य सरकारचं नियंत्रण बरंच असतं. संचालक मंडळ बरखास्त करून प्रशासक नेमण्याची सोयही महाराष्ट्राच्या १९६० च्या कायद्यात आहे. सहकाराची तत्त्वं ठेवायची, पण चौकट कंपनीची द्यायची, हा मार्ग अर्थतज्ज्ञ य. के. अलघ यांच्या समितीने सुचवला. त्यातून कंपनी कायद्यात २००२ ची दुरुस्ती झाली, ती फेब्रुवारी २००३ पासून लागू आहे. आता या तरतुदी २०१३ च्या कायद्यात आहेत.

सभासद फक्त प्राथमिक उत्पादक किंवा त्यांच्या संस्था होऊ शकतात. व्यक्तींनी मिळून कंपनी काढायची, तर किमान दहा शेतकरी लागतात. शेअर बाजारात विकता येत नाहीत, आणि शेती सोडलेल्या सभासदाला संचालक मंडळ शेअर परत करायला लावू शकतं. सगळे सभासद व्यक्ती असतील, तर शेअर कितीही असोत, माणशी एकच मत. म्हणजे मतात सहकाराशी साम्यच आहे. फक्त सगळे सभासद संस्थाच असतील, तेव्हा मत मागच्या वर्षीच्या व्यवहाराच्या प्रमाणात मिळतं.

खरी गंमत नफ्यात आहे. एक काल्पनिक हिशेब बघा. सोयाबीन खरेदी करणाऱ्या कंपनीकडे राखीव निधी बाजूला काढून २ लाख रुपये उरले. भागभांडवल ५ लाख, त्यावर नियमावलीनुसार कमाल १० टक्के परतावा, म्हणजे ५० हजार. उरलेले दीड लाख सभासदांनी दिलेल्या मालावर वाटायचे. याला पॅट्रनेज बोनस म्हणतात. एकूण माल ३,००० क्विंटल, म्हणजे क्विंटलला ५० रुपये. ज्याचे शेअर १,००० रुपयांचे आणि माल ४० क्विंटल, त्याला १०० अधिक २,००० मिळतील. ज्याचे शेअर १०,००० चे, पण माल शून्य, त्याला फक्त १,०००.

सहकारातही मालावर बोनस देता येतो. महाराष्ट्रात लाभांशाला सर्वसाधारणपणे १५ टक्क्यांची कायदेशीर मर्यादा आहे. उत्पादक कंपनीत ही मर्यादा सभासद आपल्या नियमावलीत ठरवतात. बोनसचा ठरावही सर्वसाधारण सभेत होतो.

इथेच घोळ होतो. कोणी किती क्विंटल दिलं, याची सभासदवार नोंद नसेल, तर बोनस काढताच येत नाही आणि कंपनी कागदावरच उत्पादकांची राहते. त्यामुळे फील्डवर गेलात, की मतदानाचे नियम विचारण्याआधी खरेदीचं रजिस्टर मागा. ते सभासदाच्या नावानं भरलेलं असेल, तर पुढचे प्रश्न विचारण्यात अर्थ आहे.