किक ड्रमची स्वरजुळणी

किक ड्रमची स्वरजुळणी म्हणजे ध्वनिमुद्रित किंवा इलेक्ट्रॉनिक संगीतातील किक ड्रमच्या ठोक्याचा शेपटीसारखा रेंगाळणारा खर्जातील नाद गाण्याच्या मूळ स्वराशी, अथवा त्याच्याशी संवाद साधणाऱ्या स्वराशी, जुळवून घेण्याची क्रिया होय. गाण्याच्या अगदी खालच्या पट्ट्यात किक आणि बेस ही दोनच वाद्ये बहुधा एकत्र नांदतात. त्यांचे स्वर एकमेकांच्या अगदी जवळ पण वेगळे असले, तर खर्ज गढूळ ऐकू येतो आणि दर ठोक्याला त्याचे वजन बदलल्यासारखे वाटते.

ठोक्यातील स्वर

किकच्या एका ठोक्याचे दोन भाग पडतात. सुरुवातीचा आघात अत्यंत आखूड असतो. त्यात वारंवारता काही मिलिसेकंदांत दोनशे हर्ट्झच्या आसपासून झपाट्याने खाली घसरते, त्यामुळे त्याला निश्चित स्वर नसतो. त्यानंतर येणारी शेपटी मात्र एका वारंवारतेवर स्थिरावते. ही वारंवारता बहुतेक किकमध्ये ४५ ते ६५ हर्ट्झच्या दरम्यान सापडते. जुळवायची ती ही शेपटी.

ही शेपटी किती लांब आहे, यावर सारे अवलंबून असते. ५० हर्ट्झचा नाद १०० मिलिसेकंदांत विरला, तर त्यात अवघी पाच आवर्तने होतात. एवढ्यावरून कानाला स्वर नीट ओळखता येत नाही. अशा आखूड किकची जुळणी करण्यात घालवलेला वेळ बहुधा वायाच जातो. याउलट रोलँड कंपनीने १९८० साली बाजारात आणलेल्या टीआर-८०८ या यंत्राच्या किकचा नाद पुष्कळ लांबवता येतो. त्या यंत्रावर किकसाठी आवाजाची पातळी, टोन आणि नादाची लांबी यांची बटणे होती, स्वर बदलण्याचे बटण नव्हते. पुढे संगीतकारांनी हा ठोका सॅम्पलरमध्ये घेऊन वेगवेगळ्या पट्ट्यांवर वाजवायला सुरुवात केली आणि किक हीच बेसची सुरावट झाली. तेथे स्वरजुळणी ऐच्छिक राहत नाही.

कातड्याच्या खऱ्या बास ड्रमची गोष्ट वेगळी आहे. साध्या गोल पडद्याचे उपस्वर मूळ स्वराच्या पूर्णांकी पटीत नसतात, त्यामुळे त्याचा स्वर धूसर राहतो. तबल्याच्या शाईमुळे हे उपस्वर पूर्णांकी पटींच्या जवळ येतात, हे चंद्रशेखर वेंकट रामन यांनी दाखवून दिले. म्हणूनच तबला षड्जात मिळवता येतो. बास ड्रमच्या बाबतीत वादक सहसा ताण सर्वत्र सारखा ठेवण्यावरच समाधान मानतो.

एक उदाहरण

गाणे ए मायनरमध्ये आहे असे समजू. हार्मोनियमच्या भाषेत ही पांढरी सहा. बेस ५५ हर्ट्झचा ए हा स्वर धरून आहे आणि किकची शेपटी ४०० मिलिसेकंद टिकते, पण ती ५२ हर्ट्झवर आहे, म्हणजे जवळजवळ काळी चार. दोन्हींत ३ हर्ट्झचा फरक असल्यामुळे सेकंदाला तीन विस्पंद निर्माण होतात. आघाताच्या क्षणी दोन्ही लहरी एकमेकींच्या बरोबरीने निघाल्या, तरी सेकंदाच्या सहाव्या हिश्शानंतर त्या परस्परविरुद्ध होतात आणि एकमेकींना खोडू लागतात. त्यानंतर त्या पुन्हा जुळतात. ऐकणाऱ्याला ठोक्याच्या मध्येच खर्ज खचल्यासारखा वाटतो. अनेक जण याचा दोष आवाजाच्या पातळीला देतात आणि किक आणखी मोठी करतात; त्याने खचणे जात नाही.

प्रथम किकची वारंवारता मोजावी लागते, आणि येथेच चूक होण्याचा संभव जास्त. ४४,१०० नमुन्यांच्या ध्वनिमुद्रणावर वर्णपट दाखवणारे साधन ४,०९६ नमुन्यांच्या खिडकीवर ठेवले, तर त्याची एकेक पायरी सुमारे ११ हर्ट्झची असते. ५२ आणि ५५ यांतील भेद त्याला दिसणे शक्य नाही. लहरीचे चित्र मोठे करून शेपटीतील चार आवर्तनांना लागलेला वेळ मोजणे अधिक भरवशाचे ठरते. येथे तो ७७ मिलिसेकंद भरतो, चारला ०.०७७ ने भागले की ५२ येतात. कानाने पडताळण्यासाठी किक दोन सप्तके वर चढवून पियानोच्या पट्टीशी ताडून पाहतात, कारण इतक्या खालच्या नादात कान स्वराबाबत सहज फसतो.

किती चढवायचे हे पुढील सूत्राने मिळते:

```
12 × log2(55 / 52) = 0.97
```

म्हणजे जवळपास एक अर्धस्वर. सॅम्पलरमध्ये किक ९७ सेंट वर चढवली की ती ५५ वर येते. वेग वाढवून स्वर चढवल्यास ठोका सहा टक्क्यांच्या आसपास आखूड होतो आणि आघातही थोडा तीक्ष्ण होतो. एका अर्धस्वराला हे खपून जाते, चार-पाच अर्धस्वरांना ठोक्याचे रूपच पालटते. तेव्हा दुसरा ठोका निवडणे बरे. किक सिंथेसायझरवर घडवलेली असेल, तर केवळ स्थिरावण्याची वारंवारता बदलता येते आणि आघात जसाच्या तसा राहतो.

कलेचा प्रश्न

स्वर जुळला म्हणजे काम संपले, असे नाही. एकाच वारंवारतेच्या दोन लहरी उलट कलेत असतील, तर त्यांचे खोडणे आता मध्येच न थांबता ठोकाभर चालू राहते. जुळणीनंतर खर्ज पूर्वीपेक्षा पातळ झाला, तर कारण बहुधा हेच असते. किकच्या मार्गावरील पोलॅरिटी उलटी करून ऐकावी. खर्ज भरून आला तर ती तशीच ठेवावी. बेस सिंथेसायझरचा असल्यास त्याची लहर प्रत्येक स्वरागणिक एकाच बिंदूपासून सुरू होईल अशी योजना लागते, नाहीतर एक ठोका भरदार आणि पुढचा पोकळ, असे होत राहते.

मर्यादा

गाण्यातील कॉर्ड बदलत असतात आणि किक तीच राहते. वरील गाण्यात बेस ४३.७ हर्ट्झच्या एफवर उतरला की किकचा ए त्याच्याशी तीव्र गांधाराचे नाते धरतो. वरच्या सप्तकात हे अंतर गोड लागते, परंतु इतक्या खाली ते खरखरीत वाटते, कारण कान तेथे दोन नाद नीट वेगळे करू शकत नाही. अशा वेळी शेपटी आखूड करतात, किंवा किक वाजताना बेस क्षणभर आपोआप दबेल अशी साइडचेन कॉम्प्रेसरची योजना करतात. प्रत्येक कॉर्डबरोबर किकचा स्वर बदलणे शक्य असते. पण मग ठोक्याचा पक्केपणा हरवतो आणि ताल डळमळल्यासारखा वाटतो.

मूळ स्वर नेहमी सोयीचा असतोच असे नाही. गाणे डीमध्ये असेल तर तो स्वर ३६.७ किंवा ७३.४ हर्ट्झवर पडतो. पहिला बहुतेक घरगुती स्पीकरांतून उमटतच नाही, आणि दुसऱ्याने ठोका हलका वाटतो. तेव्हा डीचा पंचम, म्हणजेच ५५ हर्ट्झचा ए, निवडला जातो.