नोंदीचे रकाने आणि वाङ्मयेतिहास

एकोणिसाव्या शतकातील मराठी वाङ्मयाविषयी जी विधाने केली जातात, त्यांतील पुष्कळशी अखेर कोणत्या तरी सूचीवर उभी असतात. अमुक दशकात काव्यग्रंथ किती निघाले, अमुक ग्रंथाच्या आवृत्त्या किती झाल्या, अमुक कवी केव्हापासून छापला जाऊ लागला, या प्रश्नांची उत्तरे संशोधक सूचीत शोधतो. सूची मात्र ग्रंथांचे प्रतिबिंब नसते. ती रकान्यांची रचना असते, आणि प्रत्येक रकाना कोणी तरी, बहुधा शिकाऊ हाताने, भरलेला असतो. म्हणून हे रकाने कोठून आले आणि ते भरताना काय घडते, हा प्रश्न ग्रंथालयशास्त्राइतकाच वाङ्मयेतिहासाचाही आहे.

मराठी मुद्रित ग्रंथांना एकसारखे रकाने प्रथम लाभले ते वाचकांच्या सोयीसाठी नव्हे. १८६७ च्या मुद्रणालये व ग्रंथनोंदणी अधिनियमाने छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची नोंद सक्तीची केली आणि तीत काय असावे हेही ठरवून दिले: ग्रंथनाम व त्याचा इंग्रजी अनुवाद, भाषा, लेखक, भाषांतरकार वा संपादक, विषय, मुद्रणाचे व प्रकाशनाचे स्थळ, मुद्रक व प्रकाशक, प्रकाशनाची तारीख, पृष्ठसंख्या, आकार, आवृत्ती, प्रतींची संख्या, खिळाछाप की शिळाछाप, किंमत आणि स्वामित्वहक्काचा धनी. या नोंदी दर तिमाहीस प्रांतिक राजपत्रात प्रसिद्ध होत. सत्तेला मुद्रणावर नजर ठेवायची होती. परंतु त्या गरजेतून प्रतींची संख्या आणि किंमत हे दोन रकाने आले. वाचकवर्गाच्या इतिहासाला त्यांच्याइतके उपयुक्त रकाने पुढच्या ग्रंथालयीन तालिकांत क्वचितच आढळतात. शंकर गणेश दाते यांची १८०० ते १९३७ या काळाची ‘मराठी ग्रंथसूची’ १९४३ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा हेतू बदलला होता. पाळत जाऊन तेथे अभ्यास आला. रकान्यांची शिस्त मात्र दोन्हीकडे अनिवार्यच राहिली.

ही शिस्त कोठे ढासळते ते एका उदाहरणाने पाहता येईल. बारामती तालुक्यातील कोऱ्हाळे बुद्रुक यासारख्या गावातील वाचनालयात जुन्या पोथ्या व पुस्तकांची एक पेटी देणगीदाखल आली आणि तिची नोंद करण्याचे काम तीन प्रशिक्षणार्थी विद्यार्थ्यांकडे सोपवले, असे समजू. मोरोपंतांचे (१७२९–१७९४) वास्तव्य बारामतीचे. तेव्हा या परिसरातील पेटीत त्यांची पुस्तके निघावीत, हे स्वाभाविक. एक विद्यार्थी मुखपृष्ठावरील आडनाव पाहून नोंद ‘पराडकर’ या शीर्षकाखाली करतो, दुसरा ‘मोरोपंत’ लिहितो, तिसरा ‘मयूरपंडित’ असे पाहून तसेच उतरवतो. तिघेही आपापल्या परीने बरोबर आहेत, आणि तरीही तालिकेत एका कवीचे तीन कवी झाले आहेत.

उपाय आणखी काळजीपूर्वक उतरवण्यात नाही. दोन कामे वेगळी करण्यात आहे. ग्रंथावर जे नाव जसे छापले आहे, ते ग्रंथनामाच्या व जबाबदारीच्या विधानात तसेच उतरवायचे. शीर्षकाचे नाव मात्र एका प्रमाणनामसूचीतून घ्यायचे, आणि उरलेल्या रूपांवरून त्याकडे निर्देश द्यायचे. अँग्लो-अमेरिकन तालिकीकरण नियमांच्या दुसऱ्या आवृत्तीत (१९७८) याबाबत एक उपयुक्त भेद आहे: एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापूर्वीच्या भारतीय लेखकाची नोंद व्यक्तिनामाखाली, त्यानंतरच्या लेखकाची सामान्यतः आडनावाखाली. त्यानुसार ‘मोरोपंत’ हे शीर्षक, आणि ‘पराडकर’ व ‘मयूरपंडित’ येथून ‘मोरोपंत पाहा’ असा निर्देश. हा केवळ सोयीचा संकेत नव्हे. आडनाव हीच लेखकाची ओळख, ही कल्पना नोंदणीच्या युगाबरोबर दृढ झाली. ती मागच्या काळावर लादू नये, एवढे भान त्या नियमात आहे. चूक झाली आहे की नाही हे ओळखण्याची रीतही साधी आहे. सर्व नोंदी ग्रंथनामाच्या क्रमाने लावाव्यात. ‘केकावलि’ व ‘केकावली’ शेजारी येऊन त्यांच्या लेखकाच्या रकान्यात वेगवेगळी नावे दिसली, की दोष उघड होतो.

संकलनग्रंथांत हाच प्रश्न अधिक अवघड होतो. परशुरामपंततात्या गोडबोले यांच्या ‘नवनीत’ने (१८५४) प्राचीन कवितेचे वेचे शाळकरी वाचकांपर्यंत पोहोचवले. त्याची नोंद संकलकाच्या नावे होते आणि ती योग्यच; पण नोंदीत एकाच नावाला जागा असेल, तर त्या ग्रंथात वेच्यांच्या रूपाने असलेले मोरोपंत तालिकेतून दिसेनासे होतात. त्यासाठी पूरक नोंद लागते. पंडिती काव्याचा वाचक कोणत्या वाटेने घडला, हे पुढच्या अभ्यासकाला कळावे की न कळावे, हे येथे ठरते.

स्थळ व काळ यांचे रकाने निरुपद्रवी वाटतात. ते तसे नाहीत. कोऱ्हाळे या नावाची दोन गावे बारामती तालुक्यातच आहेत: बुद्रुक आणि खुर्द, म्हणजे थोरले आणि धाकटे. जुन्या कागदांत हा भेद ‘बु॥’ आणि ‘खु॥’ एवढ्याच खुणेने दाखवलेला असतो. ती खूण पुसट झाली किंवा नोंद करणाऱ्याने निरर्थक म्हणून गाळली, तर कागदाचे गावच बदलते. शिवाय १८८५ च्या पुणे जिल्हा गॅझेटिअरात बारामतीचा प्रदेश भीमथडी तालुक्यात येतो. म्हणून कागदावरचे स्थळ जसेच्या तसे एका रकान्यात, आणि निश्चित केलेले आजचे गाव-तालुका दुसऱ्या रकान्यात, अशी विभागणी आवश्यक ठरते. निश्चिती झाली नसेल, तर दुसरा रकाना रिकामा ठेवावा. रिकामा रकाना पुढच्या अभ्यासकाला प्रश्न विचारतो. अंदाजाने भरलेला रकाना तो प्रश्नच बुजवतो.

काळाचेही तसेच. मुखपृष्ठावर केवळ ‘शके १७९५’ असेल, तर ते वर्ष १८७३ च्या चैत्रात सुरू होऊन १८७४ च्या फाल्गुनात संपते. एकाने ७८ मिळवून १८७३ लिहिले, दुसऱ्याने ७९ मिळवून १८७४ लिहिले, की एकाच मुद्रणाच्या दोन प्रती दोन आवृत्त्या भासू लागतात. नोंदीत मूळ शक ठेवून पुढे चौकटी कंसात [१८७३–७४] असे द्यावे. महिना माघ असेल, तर १८७४ निश्चित. चौकटी कंस म्हणजे ‘हे ग्रंथावर नाही, नोंद करणाऱ्याने पुरवले आहे’ अशी कबुली.

सर्वांत निसरडा रकाना विषयाचा. अधिनियमान्वये प्रसिद्ध होणाऱ्या तिमाही याद्यांत काव्य आणि धर्म हे वेगळे वर्ग होते. ‘केकावली’ ही पृथ्वी वृत्तातील कविताही आहे आणि आर्त प्रार्थनाही. तिला कोणत्या वर्गात घालावे याचा निर्णय कारकुनाने केला, आणि त्याच्या बेरजेवरून पुढे कोणी त्या काळातील धार्मिक व लौकिक वाङ्मयाचे प्रमाण काढले, तर ते प्रमाण वाङ्मयाचे की कारकुनाच्या सवयीचे, हा प्रश्न उरतोच. ज्या परंपरेत काव्य व भक्ती यांची फारकत झालेली नव्हती, तिच्यावर ती फारकत रकान्याने लादली. एकाहून अधिक विषयशीर्षके देण्याची मुभा असली, तर हा अन्याय कमी होतो. परंतु कोणती शीर्षके केव्हा द्यायची याचा लेखी संकेत नसेल, तर विसंगती तेवढी वाढते.

तेव्हा सूचीवरून विधान करण्यापूर्वी अभ्यासकाने तिच्या प्रत्येक रकान्याला विचारावे: हे ग्रंथावरून उतरवले आहे, की कोणी ठरवले आहे? पहिल्या प्रकारच्या रकान्यांवरून मोजणी करता येते. दुसऱ्या प्रकारच्या रकान्यांतून प्रथम वाचायचा असतो तो ठरवणाऱ्याचा काळ.