पाणीपट्टीचे टप्पेनिहाय दर : एका नळावर तीन चुली असल्या तर?

अमडापूरसारख्या गावात घरगुती नळाची पाणीपट्टी सहसा वर्षाला ठरावीक असते. दोन हंडे भरा की टाकी ओसंडू द्या, रक्कम तीच. त्यामुळे नळाला तोटी नसली तरी कोणाला फरक पडत नाही. यावर उपाय म्हणून मीटर आणि टप्पेनिहाय म्हणजे टेलिस्कोपिक दर पुढे आले. कराड तालुक्यातील मलकापूरने (आपल्या जिल्ह्यातलं नव्हे) चोवीस तास पाणी देताना हीच पद्धत धरली.

पद्धत विजेच्या बिलासारखीच आहे. एक हजार लिटर म्हणजे एक युनिट. समजा, महिन्याला पहिल्या 10 युनिटला 10 रुपये, पुढच्या 10 युनिटला 15 आणि त्यावर 25 रुपये दर आहे. वरचा दर फक्त वरच्या युनिटला लागतो, सगळ्या बिलाला नाही. गरजेपुरतं पाणी स्वस्त आणि अंगणात पाइप सोडला की महाग, असा हा हिशेब.

पण टप्पा मोजला जातो नळजोडणीवर, माणसांवर नाही. गोम इथंच आहे.

जलजीवन मिशनचं माप माणशी दिवसाला 55 लिटर आहे. एका वाड्यात तीन भावांच्या चुली, 14 माणसं आणि नळ एकच. मापाप्रमाणेच पाणी वापरलं तरी महिन्याला 23.1 युनिट होतात. बिल 100 अधिक 150 अधिक साडेसत्याहत्तर, म्हणजे 327.50 रुपये, सरासरी युनिटला 14 रुपयांच्या वर. शेजारच्या बंगल्यात दोघंच, माणशी 150 लिटर वापरणारे. त्यांचे 9 युनिट, बिल 90 रुपये. जवळपास तिप्पट पाणी वापरणाऱ्याला दर कमी पडला! दुसरी जोडणी घेतली तर टप्पे वेगळे मिळतात, पण अनामत, खोदाई आणि मीटरचा खर्च एकदम भरणं रोजमजुरी करणाऱ्याला जमत नाही.

मुंबई महापालिकेने टप्पा माणशी धरला. दिवसाला दीडशे लिटरपर्यंत मूळ दर, त्यापुढे दुप्पट, तिप्पट, चौपट. मात्र घरात माणसं किती, ही नोंद अद्ययावत ठेवावी लागते. गावात ते तुलनेनं सोपं, रेशनकार्ड आहेच.

बिल चुकतं ते बहुतेक वाचनात. वाचन दोन महिन्यांनी झालं आणि टप्पा एकाच महिन्याचा लावला, तर साधं घरही वरच्या दरात जातं. म्हणून बिलावरच्या दोन वाचनांच्या तारखा पाहाव्यात. आठवड्यातून एकदाच पाणी येत असेल, तर पाण्याआधी पाइपातली हवा सुटते आणि तिनंही मीटर फिरतो. आणि पाणी चालू असताना सगळे नळ बंद केले तरी काटा हलत असेल, तर मीटरच्या पुढे आपल्याच हद्दीत गळती आहे. ती दुरुस्त होईपर्यंत बिल घरमालकाच्याच माथी.