चार बाय तीनच्या पडद्याचा वारसा

‘क्वेक थ्री अरीना’ हा १९९९ सालचा खेळ आज ३४४० बाय १४४०च्या रुंद मॉनिटरवर लावला, की दोन दोष दिसतात. नेमाचं गोल चिन्ह अंड्यासारखं आडवं पसरतं, आणि वरचं छत व पायाखालची जमीन कापली जाते. दोष एकाच पडद्यावर दिसले तरी त्यांची कुळं वेगळी आहेत. म्हणून एक दुरुस्त केला तरी दुसरा तसाच राहतो.

कापल्या जाणाऱ्या दृश्याचं कूळ १९९६च्या पहिल्या ‘क्वेक’पर्यंत जातं. टेक्ससच्या इड सॉफ्टवेअरने त्यात दृष्टिक्षेत्राचा एकच आकडा ठेवला, तो आडवा: ९० अंश. उभा कोन त्यावरून काढला जाई. ‘क्वेक थ्री’मध्येही तेच गणित आलं:

```
x = cg.refdef.width / tan( fov_x / 360 * M_PI );
fov_y = atan2( cg.refdef.height, x );
fov_y = fov_y * 360 / M_PI;
```

सगळ्यांचे पडदे चार बाय तीनचे होते तेव्हा हे बिनचूक होतं. ९० अंश आडवे दिले की उभे साधारण ७४ मिळत. पडदा रुंद झाला तरी आडवे ९०च राहतात, त्यामुळे उभा कोन आकसतो. ३४४० बाय १४४०वर तो जेमतेम ४५ अंश उरतो. मॉनिटर मोठा घेतला आणि दिसायला कमी लागलं, ते यामुळे.

उपाय म्हणजे मूळचा उभा कोन कायम ठेवून आडवा वाढवणं. ९० अंशांचा अर्धा कोन ४५, त्याचा टॅन १. त्याला पाऊणने गुणायचं, मग पडद्याच्या २.३९ या प्रमाणाने. येतात १.७९, आणि त्याचा कोन दुप्पट केला की साधारण १२२ अंश. खेळाच्या कन्सोलमध्ये हे द्यायचं:

```
/r_mode -1
/r_customwidth 3440
/r_customheight 1440
/cg_fov 122
/cg_zoomfov 39
/vid_restart
```

शेवटून दुसरी ओळ लोक हमखास विसरतात. झूमचा मूळ आकडा २२.५ हाही आडवाच आहे. तो तसाच राहिला तर झूम केल्यावर पूर्वीपेक्षा बरंच जास्त जवळ जायला होतं आणि नेम धरताना हात चुकतो. तेच गणित केलं की ३९ येतात. ९०च्या वर गेल्यावर हातातली बंदूक थोडी खाली सरकलेली दिसेल. ती व्यवस्था खेळातच आहे, बिघाड नव्हे.

पसरलेल्या चिन्हांचं कूळ मात्र ६४० बाय ४८०च्या काल्पनिक चौकटीत आहे. आरोग्य, गोळ्या, नेमाचं चिन्ह हे सगळं त्या चौकटीत मांडून पडद्याच्या मापाला ताणलं जातं. आडवा गुणक ३४४० भागिले ६४०, म्हणजे ५.३७५, उभा १४४० भागिले ४८०, म्हणजे ३. २४ मापाचं नेमाचं चिन्ह १२९ पिक्सेल रुंद आणि ७२ उंच होतं. `cg_fov` कितीही बदला, यात फरक पडत नाही. दोन दोष ओळखायची खूण हीच.

२००५मध्ये या खेळाचा सोर्स कोड खुला झाला. त्यात `CG_AdjustFrom640` या फंक्शनमध्ये एक तुकडा सापडतो: रुंद पडद्यासाठी चिन्हं मध्याकडे सरकवणारा, पण `#if 0` लावून बंद केलेला. रुंद पडद्याचा विचार इड सॉफ्टवेअरच्या घरात झाला होता, हे वाचताना मला फार आनंद झाला. मात्र तो नुसता चालू करून भागत नाही. आडवा गुणक ५.३७५च राहतो आणि ७६०ची सरक गुणाकाराच्या आधी मिळवली जाते, त्यामुळे चिन्हं पडद्याबाहेर जातात. आधी आडवा गुणकही ३ करावा लागतो आणि सरक गुणाकारानंतर मिळवावी लागते. मग चौकट १९२० पिक्सेलची होते आणि दोन्ही बाजूंना ७६० उरतात. तरी नेमाचं चिन्ह उजवीकडे भरकटलेलंच राहतं. ते खऱ्या रुंदीवरून आधीच मध्यावर बसवलेलं असतं आणि ७६०ची भर त्याला वरून मिळते. तेवढ्या एका चिन्हाला सरकेतून वगळायचं, की सगळं जागेवर येतं.

तीन मॉनिटर शेजारी लावून ५७६० बाय १०८० केलं, तर हेच गणित १५२ अंश देतं. खेळाची कमाल मर्यादा १६० आहे, म्हणजे आकडा चालतो. पण सपाट पडद्यावरचं प्रक्षेपण काठाकडे ताणतं: १२२ अंशांवर काठाशी गोल वस्तू उंचीच्या दुप्पट रुंद दिसते, १५२वर चौपट. ही भूमिती आहे. कोडमधल्या दुरुस्तीने ती जात नाही. बाजूचे पडदे तिथे फक्त हालचाल टिपायला उपयोगी.

आणि सर्व्हरने दृष्टिक्षेत्र ९०वर बांधलं असेल, तर तुमचा १२२ तिथे ऐकला जात नाही. कोडमध्ये सर्व्हरची ही अट आधी तपासली जाते. अशा सर्व्हरवर कमी रुंद रिझोल्यूशन निवडणं, म्हणजे १९२० बाय १४४० घेऊन दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या ठेवणं, एवढाच मार्ग उरतो. त्यात छत, जमीन आणि चिन्हं तिन्ही मूळ प्रमाणात परततात.