क्लिक व रूपांतरणांचे पूर्वानुमान (नवा जाहिरातदार)

शोधयंत्रावर प्रथमच जाहिरात देणाऱ्या व्यवसायाला ठरावीक काळात किती क्लिक आणि त्यांतून किती रूपांतरणे मिळतील, याचा शोधसंख्येच्या अंदाजावरून व गृहीत धरलेल्या दरांवरून केलेला आगाऊ हिशोब. ग्राहक जे शब्द शोधपेटीत टाकतो त्यांना कीवर्ड म्हणतात, आणि जाहिरातदाराला अपेक्षित असलेली कृती, म्हणजे फोन, चौकशी वा आरक्षण, ग्राहकाकडून घडली की ते रूपांतरण मोजले जाते. नव्या खात्याला मागील कामगिरीची नोंद नसल्यामुळे या हिशोबातील बहुतेक दर गृहीतके असतात.

हिशोबाची साखळी : शोधसंख्येला दर्शन-वाट्याने, म्हणजे एकूण शोधांपैकी ज्या हिश्श्यात जाहिरात प्रत्यक्ष दिसेल त्याने, गुणले की दर्शने मिळतात, दर्शनांना क्लिक-दराने गुणले की क्लिक आणि क्लिकांना रूपांतरण-दराने गुणले की रूपांतरणे मिळतात. अंदाजपत्रकाला प्रतिक्लिक खर्चाने भागून येणारी संख्या क्लिकांची कमाल मर्यादा ठरते, म्हणून दोहोंपैकी लहान आकडा पुढे न्यावा लागतो.

शोधसंख्येतील दोष : गूगलने २०१३ मध्ये आणलेले कीवर्ड प्लॅनर हे साधन मुळात बारा महिन्यांची सरासरी देते आणि २०१६ पासून कमी खर्चाच्या खात्यांना नेमक्या आकड्याऐवजी ‘१०० ते १,०००’ असा रुंद पट्टा दाखवते. ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड तालुक्यांत या सरासरीने विशेष दिशाभूल होते, कारण माहुली किल्ला व माळशेज घाट यांच्या परिसरातील निवासांना मागणी प्रामुख्याने पावसाळ्यात असते. दुसरा दोष नावाचा आहे : बेळगावात शहापूर हे उपनगर असून कर्नाटकातील यादगीर जिल्ह्यातही शहापूर तालुका आहे, त्यामुळे देशभराची शोधसंख्या घेतल्यास परक्या गावांचे शोध हिशोबात शिरतात. तसेच शहापूरच्या निवासाचा ग्राहक शहापुरात नसून मुंबई, ठाणे, कल्याण येथे बसून शोध घेतो. म्हणून शोधसंख्या त्याच क्षेत्रासाठी काढून जाहिरातही तेथेच दाखवावी लागते.

उदाहरण : आसनगाव स्थानकाजवळील एका काल्पनिक निवासाने मुंबई-ठाणे क्षेत्रातील संबंधित कीवर्डची मासिक सरासरी ३,००० धरली आणि गूगल ट्रेंड्सवरील चढउतारावरून जुलैत ती दुप्पट, म्हणजे ६,००० होईल असे मानले. दर्शन-वाटा ५० टक्के धरल्यास ३,००० दर्शने, क्लिक-दर ५ टक्के धरल्यास १५० क्लिक आणि रूपांतरण-दर ४ टक्के धरल्यास ६ चौकश्या येतात. प्रतिक्लिक १२ रुपये धरले तर खर्च १,८०० रुपये, म्हणजे दर चौकशीमागे ३०० रुपये होतो. परंतु अंदाजपत्रक १,२०० रुपयांचेच असेल तर १०० क्लिक आणि ४ चौकश्यांवरच थांबावे लागते.

अनिश्चितता : गृहीतके एकमेकांत गुणली जात असल्याने त्यांतील चुकाही गुणल्या जातात. वरील उदाहरणात वाटा ३०, क्लिक-दर ३ आणि रूपांतरण-दर २ टक्के धरले तर जेमतेम १ चौकशी येते, आणि तेच दर अनुक्रमे ७०, ७ व ६ टक्के धरले व पैशांची अडचण नसली तर सुमारे १८ येतात. म्हणून जाहिरातदाराला एकच आकडा न देता खालचा, मधला व वरचा असे तीन अंदाज, प्रत्येकामागची गृहीतके लिहून, दिले जातात. गृहीतके तंतोतंत खरी ठरली तरी अपेक्षित ६ चौकश्यांच्या जागी योगायोगाने २ पासून ११ पर्यंत कितीही येणे स्वाभाविक असते, त्यामुळे एका महिन्याच्या थोड्या चौकश्यांवरून अंदाज फसला असे ठरवता येत नाही.

पडताळणी : साखळीचा कोणता दुवा चुकला हे प्रत्येक टप्पा स्वतंत्र तपासल्याने कळते. दर्शने कमी असतील तर शोधसंख्या वा दर्शन-वाटा, आणि दर्शने पुरेशी असून क्लिक कमी असतील तर जाहिरातीचा मजकूर वा कीवर्डची निवड संशयास्पद ठरते. कोणत्या प्रत्यक्ष शोधांवर जाहिरात दिसली, याचा अहवाल पाहिला की परक्या शहापूरचे शोध ओळखता येतात आणि त्यांतील शब्द वगळता येतात. रूपांतरण-दर खरोखर ४ टक्के असेल तर ७५ क्लिकांत एकही चौकशी न येण्याची शक्यता ५ टक्क्यांहून किंचित कमी असते, म्हणून तेवढ्या क्लिकांनंतरही खाते कोरेच राहिले तर गृहीतक बदलावे. मात्र त्याआधी मोजमाप तपासणे आवश्यक असते, कारण संकेतस्थळावरील क्रमांक पाहून हाताने लावलेला फोन किंवा व्हॉट्सॲपवरील विचारणा स्वतंत्र व्यवस्था नसेल तर रूपांतरण म्हणून नोंदलीच जात नाही. पहिल्या महिन्याचे प्रत्यक्ष दर मिळाले की पुढील पूर्वानुमानात गृहीत दरांची जागा तेच घेतात; पावसाळ्यातील दर मात्र उन्हाळ्याच्या हिशोबाला लावता येत नाहीत.