रहस्यकथेत 'अचानक'ऐवजी कोणता शब्द वापरावा?

रहस्यकथेत दर दोन परिच्छेदांनी 'अचानक' आलं, की वाचक दचकेनासा होतो. मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येतं आणि 'अचानक' बहुधा सुरुवातीला. त्यामुळे घटना कळण्याआधीच 'आता काहीतरी होणार' ही सूचना मिळते आणि धक्क्यातली हवा निघून जाते.

या शब्दाला पर्याय बरेच आहेत, पण प्रत्येकाचा वेग वेगळा आहे. एक प्रसंग घेऊ. रात्रीची वेळ, बाहेर कुत्री भुंकतायत आणि वैशाली एका बंद वाड्याचं कुलूप उघडतेय.

एकाएकी : चालू असलेली गोष्ट कारण न दिसता थांबते किंवा पालटते, तेव्हा हा शब्द शोभतो. 'कुत्र्यांचं भुंकणं एकाएकी थांबलं.' इथे वाचक दचकत नाही, 'का थांबलं?' म्हणून थबकतो. हा वेग संथ आहे आणि भीती त्यातूनच वाढते.

तेवढ्यात : याला आधी एखादी अर्धवट कृती लागते. 'तिनं किल्ली कुलपात घातली. तेवढ्यात आत कुणीतरी खाकरलं.' किल्ली अजून फिरलेली नाही, म्हणून दोन घटना एकमेकींवर आदळतात. आधी काही चालूच नसेल, तर हा शब्द पोकळ वाटतो.

एकदम : अनेक गोष्टी एकाच क्षणी घडतात तेव्हा वापरावा. 'गल्लीतले सगळे दिवे एकदम गेले.' पण जपून : 'ती एकदम घाबरली' याचा अर्थ 'खूप घाबरली' असाही होतो.

धाडकन, खटकन : हे सर्वांत वेगवान, कारण त्यांत आवाजच ऐकू येतो. मात्र ते क्रियापदाला चिकटून हवेत. 'मागचं दार धाडकन आपटलं.'

ध्यानीमनी नसताना : हा सर्वांत लांबलचक. निवेदक मागे वळून सांगतोय असं वाटतं, म्हणून ऐन थरारात तो वेग मारतो. 'ध्यानीमनी नसताना त्या वाड्याची किल्ली टपालानं आली', अशा पूर्वपीठिकेत मात्र तो चपखल बसतो.

हे सगळे शब्द एकाच पानावर ओतले, तर 'अचानक'चाच दोष परत येतो. म्हणून लिहून झाल्यावर प्रत्येक शब्द खोडून वाक्य वाचून पाहा. 'तेवढ्यात' काढला तर किल्ली आणि खाकरणं यांची टक्कर हरवते; तो ठेवावा. पण पुढचं वाक्य पाहा : 'तिनं किल्ली फिरवायच्या आत अचानक आतून कडी निघाली.' यातला 'अचानक' काढून वाचा. काहीच हरवत नाही, उलट कडी लवकर निघते. अशा ठिकाणी पर्याय शोधत बसू नये. जागा रिकामीच सोडावी.