परमँगनेटला सल्फ्युरिक आम्लच का लागते?

बारावीच्या प्रात्यक्षिकात मोहर सॉल्टचे अनुमापन करताना आपण विरल सल्फ्युरिक आम्ल घालतो. हायड्रोक्लोरिक आम्ल का चालत नाही, या प्रश्नाचे उत्तर शोधायला रसायनशास्त्रज्ञांना बराच काळ लागला.

१८४६ साली फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मार्गरित याने लोह मोजण्यासाठी पोटॅशियम परमँगनेट वापरले. या पद्धतीला वेगळा दर्शक लागत नाही. फेरस लोह शिल्लक असेपर्यंत पडणाऱ्या प्रत्येक थेंबाचा जांभळा रंग नाहीसा होतो:

MnO₄⁻ + 5Fe²⁺ + 8H⁺ → Mn²⁺ + 5Fe³⁺ + 4H₂O

लोह संपले, की पुढचा एकच थेंब सारे द्रावण फिकट गुलाबी करतो. हा रंग अर्धा मिनिट टिकला की अंतिम बिंदू आला. नंतर तो हळूहळू फिका पडतो, कारण तयार झालेले मँगनीज उरलेल्या परमँगनेटशी सावकाश अभिक्रिया करते. त्यामुळे आणखी थेंब घालू नयेत.

मार्गरितची अडचण खनिजाची होती. आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातील लोहाऱ्यासारखे हेमॅटाइट सल्फ्युरिक आम्लात फार सावकाश विरघळते, गरम हायड्रोक्लोरिक आम्लात मात्र लवकर विरघळते. म्हणून तेच आम्ल वापरले जाई. पण १८६२ साली लोवेनथाल आणि लेन्सन यांनी दाखवले, की अशा द्रावणात परमँगनेट जास्त खर्च होते.

गंमत अशी, की थंड, विरल हायड्रोक्लोरिक आम्लावर एकट्या परमँगनेटचा परिणाम फारसा दिसत नाही. लोहाची अभिक्रिया चालू असतानाच क्लोराइडचेही ऑक्सिडीकरण होऊ लागते. निर्माण झालेला क्लोरीन उडून गेला, की तेवढे परमँगनेट वाया जाते.

हिशेब करून पाहू. ०.१ मोलर मोहर सॉल्टच्या १० मिलिलिटर द्रावणात ५५.८५ मिलिग्रॅम लोह असते. त्याला ०.०२ मोलर परमँगनेट बरोबर १० मिलिलिटर लागते. क्लोराइडमुळे १०.२ मिलिलिटर लागले, तर लोह सुमारे ५७ मिलिग्रॅम भरेल. रंग नेहमीसारखाच दिसेल, त्यामुळे चूक डोळ्यांना कळणार नाही. नायट्रिक आम्ल घेतले तर उलट चूक संभवते. ते स्वतःच फेरसचे ऑक्सिडीकरण करू शकते, म्हणून वाचन कमी येते. सल्फेट यांपैकी काहीच करत नाही. मात्र आम्ल कमी पडले, तर मँगनीज डायऑक्साइडमुळे द्रावण तपकिरी, गढूळ होते. तो प्रयोग टाकून द्यावा.

खनिजातील क्लोराइड टाळता येत नसे, तेव्हा उपाय निघाला तो मँगनीज सल्फेटचा. केसलर (१८६३) आणि झिमरमन (१८८१) यांनी ते वापरले; राइनहार्टने १८८९ साली त्यात फॉस्फरिक आम्लाची भर घातली. मँगनीजमुळे क्लोराइडचे ऑक्सिडीकरण दबते, तर फॉस्फरिक आम्लामुळे फेरिकचा पिवळा रंग जाऊन गुलाबी छटा स्पष्ट दिसते. मोहर सॉल्ट पाण्यात सहज विरघळते. त्यात क्लोराइड येतच नाही, म्हणून वर्गात आपले काम नुसत्या सल्फ्युरिक आम्लावर भागते.